पांढरा बैल, काळी माती आणि सिलेक्शनची रेष

पोळ्यानंतरच्या आठवड्यात यवतमाळकडच्या फोटो स्टुडिओंमध्ये बैलांच्या फोटोंची कामं येतात. कुणाला झूल घातलेली जोडी मोठी करून हवी असते, कुणाला तोरणाखालची गर्दी काढून हवी असते. माझ्याकडे घाटंजीच्या बाजूचे एक काका आले होते. त्यांचा बैल उन्हाळ्यात गेला. पांढरा, गवळाऊ जातीचा. त्याचा एकच बरा फोटो होता, आदल्या पोळ्याला गावातल्या सिमेंट रस्त्यावर मोबाइलने काढलेला. काकांना तो बैल स्वतःच्या शेतात उभा हवा होता आणि शेताचा मे महिन्यातला, पेरणीआधीचा फोटो ते सोबत घेऊन आले होते.

बैल कापून शेतात चिकटवला की तो चिकटवलेलाच दिसतो. कडेला सिमेंटच्या राखाडी रंगाची बारीक किनार उरते. फेदर देऊन कड मऊ केली की किनारीच्या जागी धुकं येतं. खरी अडचण कडेच्या धारेत नसतेच. सिमेंटजवळचा राखाडी आणि मातीचा काळसर तपकिरी हे दोन रंग तिथे एकदम भेटतात, आणि डोळ्याला ती उडी दिसते.

यावरचा एक उपाय 2003 साली सिग्राफ परिषदेत मांडला गेला. पॅट्रिक पेरेझ, मिशेल गांग्ने आणि अँड्र्यू ब्लेक हे तिघं तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या इंग्लंडमधल्या केंब्रिज संशोधनशाळेत होते. फ्रेंच गणितज्ञ प्वासाँच्या जुन्या समीकरणावर ही पद्धत उभी असल्यामुळे तिला त्याचंच नाव मिळालं. कल्पना अशी की फोटोतून रंग उचलायचेच नाहीत, फक्त शेजारच्या दोन पिक्सेलांमधला फरक उचलायचा. हा पिक्सेल डावीकडच्यापेक्षा किती उजळ, वरच्यापेक्षा किती गडद, एवढंच. असे फरक म्हणजे चित्रातले चढउतार, म्हणजेच ग्रेडियंट. बैलाची शिंगं, वशिंड, पोटाखालची सावली हे सगळं या चढउतारांतच असतं. मग सिलेक्शनच्या रेषेवर शेताच्या फोटोतले रंग कायम ठेवायचे, आणि आतले रंग असे शोधायचे की चढउतार शक्यतो बैलाचे राहतील आणि कड शेताशी तंतोतंत जुळेल.

एकच आडवी ओळ घेऊन आकड्यांत पाहू. उजेड 0 ते 255 असा मोजतात, 0 म्हणजे काळा. सिमेंटवरच्या बैलाच्या फोटोतले सात पिक्सेल समजा असे आहेत: 150, 152, 210, 230, 212, 151, 150. मधले तीन बैलाचे, बाकीचे रस्त्याचे. शेताच्या फोटोत त्याच जागी डाव्या टोकाला 70 आहे आणि उजव्या टोकाला 100. म्हणजे डावीकडे 80 कमी करायचे आणि उजवीकडे 50. मधे काय करायचं? पद्धत ही वजाबाकी एका सरळ उतारावर पसरवते: 80, 75, 70, 65, 60, 55, 50. उत्तर येतं 70, 77, 140, 165, 152, 96, 100. दोन्ही टोकं शेताशी जुळली. आतले चढउतार प्रत्येक पावलाला फक्त 5 ने बदलले आणि 5 चा फरक डोळ्याला जाणवत नाही. दोन टोकांच्या वजाबाकीतला 30 चा फरक सगळ्या ओळीत वाटून टाकला, युक्ती एवढीच.

खऱ्या चित्रात ओळ नसते, पृष्ठभाग असतो. चारी बाजूंना वेगवेगळ्या उंचीच्या खांबांना ताणून बांधलेलं मांडवाचं कापड डोळ्यासमोर आणा, मात्र मधे झोळ नाही. खांबांची उंची म्हणजे त्या त्या जागी शेत आणि रस्ता यांच्या रंगांतला फरक. कापड आत कुठेही उंचवटा किंवा खड्डा न करता एका खांबाकडून दुसऱ्याकडे जातं, आणि त्याचा प्रत्येक बिंदू शेजारच्या चार बिंदूंच्या सरासरीइतका असतो. हे कापड बैलाच्या फोटोत मिळवलं की उत्तर तयार. सहाशे बाय चारशे पिक्सेलांच्या सिलेक्शनला 2,40,000 अज्ञात संख्या होतात आणि लाल, हिरवा, निळा असे तीन वेळा हे गणित सोडवावं लागतं. संगणकाला त्यासाठी फार वेळ लागत नाही.

मी हे काम ओपनसीव्ही या मोफत संचातून करतो. एवढंच लिहावं लागतं:

```python
import cv2
src = cv2.imread("bail.jpg")
dst = cv2.imread("shet.jpg")
mask = cv2.imread("mask.png", 0)
out = cv2.seamlessClone(src, dst, mask,
        (1450, 980), cv2.NORMAL_CLONE)
cv2.imwrite("pola.png", out)
```

मास्क म्हणजे बैलाच्या फोटोएवढंच काळं चित्र, ज्यात घ्यायचा भाग पांढरा. कंसातले दोन आकडे हे शेताच्या फोटोतलं ठिकाण. पांढऱ्या भागाला बसणाऱ्या चौकटीचा मध्य तिथे येतो. चौकट शेताच्या फोटोबाहेर गेली तर प्रोग्राम थांबतो. पांढरा भाग फोटोच्या काठापर्यंत नेऊ नये, चारी बाजूंना थोडं काळं राहू द्यावं.

फोटोशॉपवाल्यांनी हे दुसऱ्या रूपात रोज वापरलेलं असतं. चेहऱ्यावरची पुटकुळी घालवणारा हीलिंग ब्रश याच जातीचा आहे. तो केसांच्या रेषेला लागला की कपाळावर काळपट डाग पसरतो, हे प्रत्येकाने अनुभवलंय. तो डाग का पडतो ते पुढे येईलच.

पहिल्या प्रयत्नात मी बैल काळ्या मातीत मधोमध ठेवला. कड इतकी सुंदर मिसळली की मीच खूश झालो. काकांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा आमचा बैल नाय वाटत भाऊ. आमचा तं पांढरा होता."

बरोबर होतं त्यांचं. माझा गवळाऊ लाल कंधारीच्या वाटेला लागला होता. आकडे बघा. सिमेंट लाल, हिरव्या, निळ्या तिन्हींत जवळपास 150. माती 90, 75, 60. म्हणजे लालमधून 60, हिरव्यातून 75 आणि निळ्यातून 90 कमी झाले. बैलाची पाठ 230, 228, 222 होती, ती 170, 153, 132 झाली, चक्क तपकिरी. वर खुरांचा आणि डोळ्यांचा काळा मुळातच 30-40 होता. त्यातून एवढे वजा केले की उत्तर शून्याच्या खाली जातं आणि ते शून्यावरच कापलं जातं. त्यामुळे डोळा दिसेना, नुसता काळा ठिपका राहिला.

ही पद्धतीची चूक नाही, तिचा स्वभावच तो. तिला बैल ठाऊक नाही, फरक ठाऊक आहेत. रस्त्यापेक्षा बैल 80 ने उजळ होता, मग मातीपेक्षाही 80 नेच उजळ राहील. म्हणून मी आता बैलाच्या रंगाकडे नंतर पाहतो. आधी बघतो ते दोन्ही पार्श्वभूमींकडे, कारण बैलाचा रंग त्यांच्या वजाबाकीवर ठरतो.

पुष्कळांना वाटतं की सिलेक्शन बैलाला अगदी घट्ट घेतलं तर हा त्रास जाईल. उलट होतं. रेष बैलाच्या अंगावरच आली तर 200 च्या कातडीची गाठ थेट 75 च्या मातीशी पडते आणि वजाबाकी आणखी वाढते. रेष बैलाच्या बाहेर, रस्त्याच्या सपाट भागावरून गेली पाहिजे. पंधरा-वीस पिक्सेल मोकळे सोडले तरी पुरतात.

काकांच्या शेताच्या फोटोत धुऱ्यालगत पडीताचा एक तुकडा होता, वाळलेल्या गवताचा. तिथले आकडे 160, 150, 125. सिमेंटपासून हे फार लांब नाहीत. लालमध्ये 10 वाढतात, हिरवा जसाच्या तसा, निळ्यातून 25 जातात. पाठ होते 240, 228, 197. म्हणजे पांढराच बैल, किंचित पिवळसर, उन्हात उभा असल्यासारखा. अशी थोडी झाक हवीच असते, कारण खऱ्या उन्हात, खऱ्या गवतात उभा असता तर त्याच्या अंगावर ती आलीच असती. दोन्ही फोटो थोडे उंचावरून काढलेले होते, त्यामुळे बैलाच्या मागे आभाळ येत नव्हतं. आभाळ सिलेक्शनच्या रेषेत आलं असतं तर वरून निळसर उजेड आणि खालून तपकिरी असा बैल दोन रंगांत वाटला गेला असता.

काका मातीतच हवा म्हणून अडून बसले असते तर दुसरा मार्ग होता. मिसळलेल्या चित्रावर मूळ बैलाचा थर ठेवायचा, त्याला मास्क द्यायचा आणि मास्कची कड अंगाच्या आत ओढून मऊ करायची. मग काठाचे आठ-दहा पिक्सेल मिसळलेले राहतात आणि मधलं अंग मूळचं पांढरं. मात्र पाठ आणि काठ यांच्या उजेडात फार फरक असला तर बैलाभोवती मळकट कडं दिसतं.

पडीतावर ठेवल्यावर एक नवीनच गोष्ट निघाली. बैलाच्या पुठ्ठ्यावर काळपट ओघळ आला. तो काठाच्या एका जागी गडद होता आणि आत येता येता विरत गेला. असा डाग दिसला की डागाकडे बघत बसू नये, तो जिथून निघतो तिथे काठावर जावं. तिथे लिंबाच्या झाडाचं खोड सिलेक्शनच्या रेषेला टेकलेलं होतं. मांडवाचा एक खांब एकदम खाली खचवला तर त्याच्याजवळचं कापड खाली ओढलं जाईल, तसंच हे. हीलिंग ब्रश केसांना लागल्यावर कपाळावर येतो तो हाच डाग. सिलेक्शनची त्या बाजूची रेष थोडी आत घेतली आणि बैल पंचवीस पिक्सेल डावीकडे सरकवला, ओघळ गेला. या जातीच्या डागांवर 2006 साली एक शोधनिबंध आला होता. त्यात रेषेची जागा संगणकच शोधतो, अशी की दोन चित्रांतला फरक रेषेभर होता होईल तो सारखा राहावा. सगळे खांब एका उंचीचे असले की कापड सपाट राहतं आणि बैलाचा रंग सगळीकडे सारखाच सरकतो. स्टुडिओत आपण तेच नजरेने करतो.

खुरांपाशी मात्र गडबड राहिली. सिलेक्शनमध्ये आलेला सिमेंटचा गुळगुळीत पट्टा आता गवताच्या रंगाचा झाला होता, पण त्यात गवताची काडी नव्हती. रंग जुळला तरी पोत येत नाही. तिथे `MIXED_CLONE` कामाला येतो. तो प्रत्येक जागी दोन्ही फोटोंतले चढउतार बघतो आणि ज्याचा मोठा तो घेतो. सिमेंट सपाट, गवत खडबडीत, म्हणून गवत जिंकतं आणि काड्या खुरांपर्यंत येऊन भिडतात. पण हाच नियम बैलाच्या पोटालाही लागतो. पोटाची कातडी गुळगुळीत असते, तिथेही गवत जिंकतं आणि बैल काचेचा असल्यासारखा मागच्या काड्या पोटातून दिसतात. म्हणून मी दोन्ही प्रकारे चित्र काढलं, एकावर एक ठेवलं आणि दुसरं फक्त गुडघ्याखाली उघडं केलं.

सावलीचं काम हातानेच करावं लागलं. सावली रस्त्यावर पडलेली असती तर ती सिलेक्शनमध्ये घेता आली असती. तीही चढउतारच, बैलासोबत आली असती. पण पोळ्याला आभाळ भरून होतं आणि रस्त्यावर सावली जवळपास नव्हतीच. शेताचा फोटो मे महिन्यातल्या दुपारचा, लिंबाची सावली बुडाशीच गोळा झालेली. तिचाच रंग घेऊन मी बैलाच्या पोटाखाली, मल्टिप्लायच्या थरावर, एक आखूड सावली रंगवली. पाठीवरचा उजेड पोळ्याच्या ढगाळ दिवसाचाच राहिला. तो मला बदलता आला नाही. बारा बाय अठराच्या प्रिंटमध्ये, नीट पाहिलं तर, अजूनही कळतो.