असेल तर? नसेल तर?

बोदवड परिसरातल्या एखाद्या कापूस उत्पादकाला विचारा, ‘पंपाला काय काय हवे?’ सगळेच हवे, असे उत्तर येईल. हवेपणाचे प्रकार त्यातून कळत नाहीत. ही अडचण जपानमधील नोरिआकी कानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीने सुटते. ते प्रत्येक गुणाबद्दल दोन प्रश्न विचारतात: हा गुण असेल तर कसे वाटेल? आणि नसेल तर? दोन्हींना उत्तरे पाचच: आवडेल, असे असायलाच हवे, फरक पडत नाही, चालवून घेईन, आवडणार नाही.

अर्थ या दोन उत्तरांच्या जोडीत असतो. तीन फेजपैकी एक गेला की मोटार आपोआप बंद पडणे, हा गुण घ्या. असेल तर ‘असायलाच हवे’, नसेल तर ‘आवडणार नाही’. म्हणजे तो अत्यावश्यक. त्याचे कौतुक कुणी करत नाही, पण तो नसल्याने मोटार जळाली की पंपाचे नाव जाते. तेवढ्याच विजेत जास्त पाणी मिळाले तर ‘आवडेल’, न मिळाले तर ‘आवडणार नाही’. इथे जितके द्याल तितके समाधान. घरी बसून मोबाइलवरून पंप सुरू करता आला तर ‘आवडेल’, नाही आला तर ‘फरक पडत नाही’. हा आनंददायी गुण. दोन्हीकडे ‘फरक पडत नाही’ आले, तर त्या गुणावर खर्च नको. दोन्हीकडे ‘आवडेल’ आले, तर प्रश्नच समजलेला नाही.

मराठीत मात्र एक सापळा आहे, ‘चालेल’ हा शब्द. समोरच्याला दुखवू नये म्हणून आपण नापसंतीही ‘नसलं तरी चालेल’ अशी सांगतो. दुसऱ्या प्रश्नातली नापसंती अशी सौम्य झाली, की अत्यावश्यक गुण बिनमहत्त्वाचा ठरतो आणि प्रमाणात समाधान देणारा गुण आनंददायी. म्हणून पर्याय ‘चालेल’ असा न लिहिता ‘नाइलाजाने चालवून घेईन’ असा लिहावा आणि उत्तरानंतर विचारावे, ‘असा पंप विकत घ्याल का?’

दुसरा धोका बेरजेचा. समजा, २० जणांना मोबाइलच्या सोयीबद्दल विचारले. सोय असेल तर सगळ्यांनाच आवडेल. नसेल तर १२ जणांना फरक पडत नाही, ८ जणांना आवडणार नाही. बहुमताने सोय आनंददायी ठरली. पण ते आठही जण विहीर लांब असलेले, रात्रीच्या वीजपाळीत अंधारातून शेतावर जाणारे निघाले, तर? त्यांच्यासाठी सोय वेगळ्याच वर्गात आहे. म्हणून बेरीज करण्याआधी विहिरीचे अंतर आणि विजेची वेळ यांनुसार उत्तरे वेगळी करावीत.

वर्गही कायमचे नसतात. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’सारखी उपकरणे आली तेव्हा फोनवरून पंप सुरू होणे हेच नवल होते. शेजारच्या मळ्यात रोज दिसणारे नवल हळूहळू अपेक्षा होते, मग गरज. तेव्हा तोच माणूस त्याच प्रश्नाला वेगळे उत्तर देतो, आणि जुना तक्ता निरुपयोगी होतो.