‘खेमुड’ वाच पाहू!

पहिलीच्या मुलाला वाचायला शिकवायचं कसं? एक गट म्हणतो, आधी अक्षर आणि त्याचा आवाज. दुसरा म्हणतो, गोष्ट द्या, चित्र द्या, अख्खा शब्द ओळखू द्या. इंग्रजीत हे भांडण फार जुनं आहे. मराठीत आणून पाहिलं की त्यातून बऱ्याच गमती निघतात.

अंदाज कोण लावतो?
केनेथ गुडमन या अमेरिकन अभ्यासकाने 1967 मध्ये वाचनाला चक्क ‘अंदाजाचा खेळ’ म्हटलं. पुढे संशोधकांनी वाचणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या आणि वेगळंच दिसलं. सराईत वाचकाची नजर बहुतेक शब्दांवर टेकते. संदर्भावरून शब्द ताडायची गरज जास्त पडते ती कच्च्या वाचकाला. 2000 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने पुष्कळ अभ्यास एकत्र तपासले. अक्षर-आवाजाची सांगड पद्धतशीर शिकवली तर फायदा होतो, तोही सुरुवातीच्या वर्गांत जास्त, असा तिचा निष्कर्ष होता.

इंग्रजीची मुलं मागे!
2003 मध्ये युरोपातल्या पहिलीच्या मुलांची तुलना झाली. ओळखीचे शब्द फिनिश मुलं जवळजवळ सगळे बरोबर वाचत होती, इंग्रजी वाचणारी मुलं जेमतेम एक तृतीयांश. फिनिशमध्ये जसं लिहितात तसंच वाचतात, इंग्रजीत तसं नाही. मराठी या बाबतीत फिनिशच्या जवळची.

मग आपलं अडतं कुठे?
अक्षरांच्या संख्येत. चौतीसेक व्यंजनं आणि बाराखडीची बारा रूपं धरली तर आकडा चारशेच्या वर जातो, जोडाक्षरं वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास केला (2007). अक्षरं पक्की व्हायला पहिली-दुसरी पुरत नाही, शिकणं त्यापुढेही चालू राहतं, असं त्यांना आढळलं. कन्नड लिपीचा सांगाडा आपल्यासारखाच आहे.

तीन अक्षरांत वाक्य
अ ते ज्ञ संपवून, मग बाराखडी घोकून, मग शब्द, या वाटेने मूल महिनोन्‌महिने काहीच वाचत नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने अक्षरांचे छोटे गट केले आणि स्वरचिन्हं सुरुवातीलाच आणली. याचा फायदा पडताळून बघा. क, म, र आणि फक्त काना घ्या: काका, मामा, काम, राम, मार. आणि लगेच अख्खं वाक्य: ‘काका, काम करा.’ आवाजही शिकवला आणि अर्थही हाती आला.

पाठ आहे की वाचतोय?
बाराखडी धडाधड म्हणणाऱ्या मुलाला मधल्याच ‘पे’वर बोट ठेवून विचारा. ‘प, पा, पि, पी…’ अशी मनातल्या मनात धाव घेऊन तो ‘पे’ला पोचत असेल, तर ते अक्षर अजून सुटं झालेलं नाही. पुस्तकाचा धडा तोंडपाठ असल्याचा संशय आला तर निरर्थक शब्द द्या. कंधारच्या पोराला शेजारचं ‘मुखेड’ पाहूनच ओळखता येईल, ‘खेमुड’ मात्र वाचावंच लागेल. इंग्लंडात 2012 पासून सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांची अशीच तपासणी होते: चाळीस शब्द, त्यांतले वीस बनावट.

नुसत्या आवाजाने भागत नाही
‘करवत’ लिहितो क-र-व-त, म्हणतो मात्र ‘कर्‌-वत्‌’. ‘किती’तली पहिली वेलांटी आधी दिसते, ऐकू नंतर येते. ‘चहा’तला च वेगळा, ‘चाक’मधला वेगळा. ‘कंधार’मधला अनुस्वार न्‌चा आवाज देतो, ‘कंबर’मधला म्‌चा. मूल अक्षरं जुळवत शब्दाच्या जवळपास पोचतं. शेवटचं पाऊल टाकायला तो शब्द आधी कानावरून गेलेला असावा लागतो. गोष्टी ऐकवायच्या त्या यासाठी.

‘आई’ वाचली, ‘याडी’ कुठाय?
गफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये मांडलेलं सूत्र सोपं आहे: वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य. कंधार-मुखेडच्या तांड्यांवरचं मूल घरी आईला ‘याडी’ म्हणतं. ते ‘आई’ बिनचूक उच्चारेल, पण मराठी परिच्छेदाचा अर्थ लागेलच असं नाही. अशा मुलाकडून बाराखडी आणखी घोकून घेऊन उपयोग नाही. आधी मराठीत भरपूर गप्पा हव्यात आणि समजावून सांगताना त्याच्या घरच्या गोरबोलीला वर्गात जागा हवी.

दोन मिनिटांचं निदान
मूल अडलं की तोच परिच्छेद तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा आणि दोन प्रश्न विचारा. ऐकून उत्तरं आली तर घोडं अक्षरांपाशी अडलंय: रोज थोडा वेळ अक्षरगट, मात्रा आणि ‘खेमुड’सारखे शब्द घ्या. ऐकूनही कळलं नाही तर अडचण भाषेची आहे: गोष्टी आणि गप्पा वाढवा. दोन्हीकडे अडत असेल तर दोन्ही रोज करा, कारण एक संपवून दुसरं सुरू करण्याइतकं पहिलीचं वर्ष मोठं नसतं.