पाहुण्यांची ओळख, दीड मिनिटात

क्रीडादिनी संचलन संपलेलं असतं आणि मुलं उन्हात रांगेत उभी असतात. अशा वेळी पाहुण्यांचा परिचय दीड मिनिटात, म्हणजे साधारण दीडशे शब्दांत आटोपायला हवा. प्रत्यक्षात बऱ्याचदा पाहुण्यांनी पाठवलेलं माहितीपत्रक जसंच्या तसं वाचलं जातं. तिसऱ्या पदाच्या उल्लेखापर्यंत मागच्या रांगा चुळबुळ करू लागतात.

समजा, पाहुण्या धावपटू ललिता बाबर आहेत. त्यांची सगळी पदकं मोजण्यापेक्षा एकच शर्यत मुलांपुढे उभी करावी: २०१६, रिओ ऑलिंपिक, ३००० मीटर स्टीपलचेस. हा शब्द मुलांना अनोळखी असतो, म्हणून निवेदकाने हात मांडीच्या उंचीला धरून दाखवावा आणि सांगावं, "एवढे उंच अडथळे, एकदा नाही, २८ वेळा. शिवाय ७ वेळा पाण्यावरून उडी. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ही मुलगी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली."

दहावा क्रमांक लपवू नये. आज शेवटच्या रांगेत धावणाऱ्या मुलालाही तो ऐकायचा असतो.

नाव मात्र अगदी शेवटी घ्यावं, म्हणजे टाळ्या आपोआप पडतात. नावाचा उच्चार आणि सध्याचं पद आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्यावं. जुनं पद वाचलं गेलं, तर पाहुण्यांनाच मंचावर दुरुस्ती करावी लागते.