पितळी वजनाचं वय सांगणारे शिक्के

जुन्या बाजारात पितळी वजन हाती आलं की आपण आधी त्यावरचा आकडा शोधतो. तो बहुधा झिजलेला असतो, आणि मग विकणारा सांगेल तेच वय खरं मानावं लागतं. त्याऐवजी घरी आणून त्या वजनाचंच वजन करावं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा त्याला पुरतो. दिसायला जवळजवळ सारख्याच तीन वजनांपैकी एक ९०७ ग्रॅमच्या आसपास भरेल, दुसरं ९३३च्या आणि तिसरं १०००च्या. पहिलं दोन पौंडांचं, दुसरं शेराचं, तिसरं किलोचं. एवढ्यावरून कालखंडाचं पहिलं कुंपण घालता येतं.

शेराचे ९३३ ग्रॅम कुठून आले, हे आधी पाहू. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा ठरवला. १८३५ पासूनचा चांदीचा रुपयाही नेमका याच वजनाचा होता, त्यामुळे नवाकोरा रुपया पारड्यात टाकला की तोळा तयार. असे ८० तोळे म्हणजे एक शेर आणि ४० शेरांचा मण. मात्र हा शेर सगळीकडे लगेच रुळला नाही. पेठेपेठेचा शेर वेगळा असे, आणि मुंबईचा जुना मण तर अवघा २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा होता. असे २८ मण मिळून कापसाची ७८४ पौंडांची मुंबई खंडी होई. कापसाचे भाव आजही ज्या ३५६ किलोंच्या खंडीवर सांगितले जातात, ती हीच. म्हणून एखादं देशी वजन ९३३, ४६७ किंवा २३३ ग्रॅम यांपैकी कशातच बसत नसेल, तर ते खोटं ठरवण्याची घाई करू नये. ते जुन्या स्थानिक मापाचं असू शकतं.

मुंबई इलाख्यात वजनमापांचा कायदा १९३२ साली झाला आणि ८० तोळ्यांच्या शेराला कायद्याचा आधार मिळाला. संस्थानांना हा कायदा लागू नव्हता. पुढे १९५६ चा केंद्रीय कायदा आला, १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि एप्रिल १९६२ मध्ये ती देशभर सक्तीची झाली. त्यामुळे १९३२ च्या कायद्याखाली पडताळणी झालेलं शेराचं वजन फार तर तीस वर्षांच्या खिडकीत बसतं. भारतीय पडताळणीचा शिक्का असलेलं किलोचं वजन मात्र १९५८ च्या आधीचं असणार नाही. मेट्रिक काळातल्या शिक्क्यांत तर वर्षाची तिमाहीसुद्धा सापडते. निरीक्षकाच्या क्रमांकाजवळ रोमन लिपीतलं ए, बी, सी किंवा डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. बी आणि ८७ म्हणजे एप्रिल ते जून १९८७. साध्या वजनांची फेरपडताळणी दर दोन वर्षांनी करावी लागते, म्हणून वापरात राहिलेल्या एकाच वजनावर असे अनेक शिक्के दाटीने बसलेले दिसतात.

पौंडाची वजनं वाचायला जास्त अवघड असतात, आणि मला त्यातच खरी गोडी वाटते. ती ब्रिटनमधून आलेली असतात आणि त्यांच्यावरची पडताळणीची परंपरा कित्येक शतकांची आहे. बहुतेकांवर लहानसा मुकुट आणि त्याखाली राज्यकर्त्याची आद्याक्षरं दिसतात. व्ही आर म्हणजे राणी व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. ई आर म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. जी आर म्हणजे जॉर्ज. पण कोणता जॉर्ज? पहिल्यापासून चौथ्यापर्यंतच्या चार जॉर्जांनी १७१४ ते १८३० अशी सलग ११६ वर्षं राज्य केलं, आणि पाचवा जॉर्ज १९१० साली गादीवर आला. नुसती अक्षरं पाहून सांगितलेलं वय इथे सहज शंभर वर्षांनी चुकतं. विकणारा अर्थातच जुना जॉर्ज सांगतो.

हा गुंता सोडवायला मुकुटाच्या शेजारी काय आहे ते पाहावं. जुन्या जॉर्जांच्या काळात लंडनमध्ये पडताळलेल्या पितळी वजनावर मुकुटाबरोबर आणखी खुणा असत. व्यापारी पौंडाची खूण म्हणून ए हे अक्षर, लंडन शहराची खूण म्हणून छोटी तलवार आणि ओतकाम करणाऱ्यांच्या संघाची खूण म्हणून झारी. या संघाला राजसनद १६१४ साली मिळाली होती. १ जानेवारी १८२६ पासून ब्रिटनभर एकच इंपीरियल मापं लागू झाली. १८३५ च्या कायद्याने उघड्या शिशाची वजनं बंद केली आणि गावोगावचे निरीक्षक तपासणी करू लागले. त्यांच्या शिक्क्यांवर त्या त्या परगण्याचं नाव किंवा चिन्ह असे, आणि त्यात फारशी शिस्त नव्हती. ती आली १८७८ च्या कायद्यानंतर. १८७९ पासून प्रत्येक तपासणी क्षेत्राला एक क्रमांक मिळाला आणि मुकुट, आद्याक्षरं व खाली क्रमांक असा शिक्का सर्वत्र रूढ झाला. चौथा जॉर्ज १८३० साली वारला आणि क्रमांक सुरू झाले १८७९ मध्ये. म्हणून जी आरच्या खाली क्षेत्राचा क्रमांक असेल, तर तो जॉर्ज विसाव्या शतकातलाच.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. समजा, दोन पौंडांचं चपटं गोल पितळी वजन आहे. वरच्या बाजूला डब्ल्यू अँड टी एव्हरी हे कारखानदाराचं नाव आहे आणि त्यापुढे लिमिटेडचं संक्षिप्त रूप कोरलेलं आहे. कडेजवळ चार ठसे आहेत. एक मुकुटासह ई आर आणि क्रमांक, दोन मुकुटासह जी आर आणि तोच क्रमांक, आणि एक नुसता ३१ हा आकडा. एव्हरी हे बर्मिंगहॅमचं जुनं नाव. विल्यम आणि थॉमस या भावांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला धंदा हाती घेतला, पण कंपनी मर्यादित झाली ती १८९० च्या दशकात. म्हणजे वजन त्याआधीचं नाही. व्ही आरचा एकही ठसा नाही, म्हणून पहिली पडताळणी बहुधा १९०१ नंतरची. सर्वांत जुना ठसा ई आरचा असल्याने ती १९१० पर्यंत किंवा जेमतेम नंतर झाली असावी. जेमतेम नंतर अशासाठी म्हटलं, की राजा वारला त्याच दिवशी प्रत्येक निरीक्षकाच्या पेटीतला ठसा बदलला जाईल, असं धरून चालता येत नाही. काही क्षेत्रांत वर्ष दाखवणारे आकडे किंवा अक्षरं वेगळी मारत, म्हणून ३१ चा अर्थ १९३१ असण्याची दाट शक्यता आहे. तेव्हा निदान १९३१ पर्यंत हे वजन दुकानात वापरलं जात होतं. थोडक्यात, पहिला ठसा वजन साधारण कधी घडलं ते सांगतो आणि शेवटचा ठसा ते कुठवर कामात होतं ते सांगतो. या दोन तारखांची गल्लत झाली की वय हमखास चुकतं.

ठशांचा क्रम ठरवताना शिशाकडे विशेष लक्ष द्यावं. बऱ्याच वजनांच्या तळाला एक खोबण असते आणि तिच्यात शिसं भरलेलं असतं. वजन झिजून हलकं झालं की त्यात थोडं शिसं घालायचं, जड भरलं तर थोडं खरवडायचं आणि मऊ शिशावर ठसा मारायचा. शिसं बदललं की त्यावरचे जुने ठसे कायमचे जातात. म्हणून पितळेवर व्ही आर आणि तळाच्या शिशावर जी आर असा प्रकार दिसला तर त्यात विसंगती नाही. फक्त शिशावरच ठसे असतील, तर पितळ त्याहून कितीतरी जुनं असू शकतं. कुठे ठशावरच सहा टोकांची चांदणी मारलेली दिसली, तर ते वजन पडताळणीत नापास होऊन त्याचा शिक्का रद्द केला गेला, असं समजावं. ब्रिटनमध्ये त्यासाठी हीच खूण वापरतात.

तराजूच्या बाबतीत वेगळी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ब्रिटनमध्ये वजनांची सक्तीची पडताळणी आधी सुरू झाली आणि तराजूंची १८८९ च्या कायद्याने. म्हणून दांडीवर एकही शिक्का नसणं हे त्या आधीच्या तराजूचं लक्षण असू शकतं, किंवा तो तराजू विक्रीच्या कामी कधी आलाच नाही, असाही अर्थ होतो. घरगुती आणि प्रयोगशाळेतल्या तराजूंना शिक्क्याची गरज नसे. शिवाय पारडी, साखळ्या आणि वजनं सहज बदलली जातात, तेव्हा दांडीचं वय संचातल्या वजनांना परस्पर लावू नये.

ठसे वाचण्याआधी वजन घासून लख्ख करण्याचा मोह होतो. तो टाळावाच. चिंच आणि मीठ पितळेवरचा काळा थर खातात, आणि वर्षानुवर्षं घासलेल्या वजनावर मुकुटाची टोकं आणि अक्षरांचे बारीक पाय आधी नाहीसे होतात. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश पुरेसे आहेत. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च वजनाच्या जवळजवळ समांतर धरून चारही बाजूंनी फिरवावी. समोरून प्रकाश पडला असता सपाट दिसणारा ठसा तिरप्या प्रकाशात सावलीमुळे उठून येतो. प्रत्येक बाजूने एक फोटो काढला, तर पुसट क्रमांकही पुष्कळदा जुळवता येतो.

हाच तिरपा प्रकाश नकल ओळखायलाही उपयोगी पडतो. शोभेसाठी म्हणून जुन्या वजनांच्या प्रतिकृती ओतल्या जातात आणि पुढे अस्सल म्हणून विकल्या जातात. खरा ठसा पोलादी पंचाने ठोकलेला असतो. धातू आत दबताना त्याच्या कडेला बारीक उंचवटा येतो आणि प्रत्येक ठसा थोडा वेगळ्या कोनात व खोलीत बसतो. साच्यातून आलेल्या ठशाच्या कडा गोलसर असतात, तळ खरबरीत असतो आणि एकाच दुकानातल्या चार वजनांवर तो तंतोतंत त्याच जागी, तसाच तिरका सापडतो. शंका उरलीच, तर पुन्हा काट्याकडे जावं. वितळलेलं पितळ थिजून थंड होताना लांबीत सुमारे दीड टक्का आक्रसतं. हे आक्रसणं लांबी, रुंदी आणि उंची तिन्हींत होतं, म्हणून अस्सल वजनावरून साचा घेऊन ओतलेली नकल आकारमानात, आणि अर्थात वजनात, साडेचार टक्क्यांच्या आसपास कमी भरते. दोन पौंडांच्या वजनाची अशी नकल ८६६ ग्रॅमच्या जवळपास येते. प्रामाणिकपणे झिजलेलं अस्सल वजन काही ग्रॅमच कमी भरतं, कारण ४० ग्रॅम कमी भरणारं वजन कोणत्याही निरीक्षकाने पुन्हा शिक्का मारून परत दिलं नसतं.