९५०, २ की २०००?

डोक्याचा सीटी स्कॅन झालेल्या आजोबांच्या फायलीत शेवटी एक तक्ता असतो. त्यात DLP या रकान्याखाली ९५० आकडा आणि शेजारी mGy·cm असं एकक. मुलगा मोबाइलवर शोधतो, कुठेतरी ‘१०० मिलीसिव्हर्टच्या वर धोका’ असं वाचतो आणि घरात सगळ्यांची झोप उडते.

पहिला घोळ इथेच झालेला असतो. ९५० हे मिलीसिव्हर्ट नाहीतच. स्कॅनच्या एकूण लांबीत यंत्राने किती किरणोत्सर्ग दिला, त्याचं ते माप आहे. शरीराच्या दृष्टीने त्याचा अर्थ काढायचा तर त्याला त्या भागासाठी ठरलेल्या गुणकाने गुणावं लागतं. प्रौढ माणसाच्या डोक्यासाठी तो साधारण ०.००२१ धरतात.

९५० × ०.००२१ = १.९९५, म्हणजे सुमारे २ मिलीसिव्हर्ट.

आता मायक्रोसिव्हर्ट. एका मिलीसिव्हर्टमध्ये १००० मायक्रोसिव्हर्ट असतात, म्हणून १००० ने गुणायचं: २ × १००० = २००० मायक्रोसिव्हर्ट. उलट जायचं तर १००० ने भागायचं. रुपयांचे पैसे केले म्हणून खिशातली रक्कम वाढत नाही; २००० हा आकडा मोठा दिसला तरी डोस तेवढाच आहे.

मग मायक्रोसिव्हर्ट करायचेच कशाला? तुलनेसाठी. छातीचा एक साधा एक्स-रे म्हणजे ०.०२ मिलीसिव्हर्ट. दशांश चिन्हापुढची शून्यं मोजताना भले भले चुकतात; २० मायक्रोसिव्हर्ट म्हटलं की हिशोब तोंडी होतो. २००० भागिले २०, म्हणजे हा सीटी अशा शंभर एक्स-रेंएवढा. हे पेशंटपासून लपवू नये, पण तिथेच थांबूही नये. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून येणारे किरण यांतून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतातच. त्या हिशोबाने आजोबांचा स्कॅन म्हणजे दहा महिन्यांचा नैसर्गिक डोस. शंभर एक्स-रे ऐकून उतरलेला चेहरा हे ऐकल्यावर बराच सावरतो, असा माझा अनुभव आहे.

चिन्हं मात्र नीट वाचावीत. mSv म्हणजे मिली, µSv म्हणजे मायक्रो. टाइप करताना µ ऐवजी बऱ्याचदा u लिहितात, आणि फाँट बदलला की कधीकधी µ चा चक्क m होतो. तिथे हजारपटीची चूक होते. छातीच्या एक्स-रेपुढे २० mSv दिसलं, तर चूक छपाईची समजावी.

आणखी एक मर्यादा ध्यानात असू द्या. हा डोस सरासरी बांध्याच्या शरीरावरून काढलेला अंदाज आहे, आजोबांच्या अंगात मोजलेला नव्हे. लहान मुलांसाठी तर गुणकच वेगळे असतात, त्यामुळे नातवाच्या स्कॅनला ०.००२१ लावू नका. आकडा विचारताना रेडिओलॉजिस्टकडून एककही लिहून घ्या.