करंट अडवला, पण उष्णतेचं काय?

माझ्या टेबलावरचा १२ व्होल्ट, २ अँपिअरचा पॉवर सप्लाय मी स्वतः बांधलेला होता. त्यात करंट मर्यादेचा बंदोबस्तही होता. एका संध्याकाळी आउटपुटच्या दोन वायरी एकमेकींना चिकटून राहिल्या. अँमीटरचा काटा २ अँपिअरवर शांत उभा होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. थोड्या वेळाने वायरी सोडवल्या तर आउटपुटवर १२ ऐवजी जवळजवळ २० व्होल्ट! करंट मर्यादेत राहूनही पास ट्रान्झिस्टर आतून वितळून आरपार शॉर्ट झाला होता. असं का झालं, हे समजून घेताना मला फोल्डबॅक उमगला.

सिरीज रेग्युलेटरमध्ये पास ट्रान्झिस्टर इनपुट आणि आउटपुट यांच्या मधोमध बसतो आणि जास्तीचं व्होल्टेज स्वतःवर घेतो. माझ्या सप्लायमध्ये तो २एन३०५५ होता. घाट उतरताना ब्रेक जसे गाडीचा वेग उष्णतेत जिरवतात, तसा हा ट्रान्झिस्टर नको असलेलं व्होल्टेज उष्णतेत जिरवतो. किती वॅट जिरणार, हे त्याच्यावरचं व्होल्टेज आणि त्यातून जाणारा करंट यांच्या गुणाकारावर ठरतं.

करंट अडवायची साधी पद्धत अशी. पास ट्रान्झिस्टरच्या एमिटरनंतर, आउटपुटच्या वाटेत, ०.३३ ओहमचा सेन्स रेझिस्टर घालायचा. बीसी५४७ सारख्या छोट्या ट्रान्झिस्टरचा बेस या रेझिस्टरच्या अलीकडच्या टोकाला जोडायचा आणि एमिटर पलीकडच्या, म्हणजे आउटपुटच्या टोकाला. कलेक्टर जातो पास ट्रान्झिस्टरला चालवणाऱ्या बेसच्या वायरीवर. करंट वाढत २ अँपिअरच्या जवळ आला की रेझिस्टरवर ०.६५ व्होल्ट पडतात आणि छोटा ट्रान्झिस्टर जागा होतो. मोठ्याच्या बेसकडे निघालेला करंट तो मधल्यामधे वळवून घेतो. मोठ्याला खुराकच कमी मिळाला की त्यातून २ अँपिअरपेक्षा जास्त जाऊ शकत नाही.

इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. व्होल्टेजचा फीडबॅक सेन्स रेझिस्टरच्या पलीकडून, म्हणजे थेट आउटपुटवरून घ्यावा. नाहीतर लोड वाढेल तसं आउटपुट खाली येत राहतं. दुसरं म्हणजे बीसी५४७ हीटसिंकपासून लांब बसवावा. त्याचं ०.६५ व्होल्ट तापमानाच्या दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. तो ४० अंशांनी तापला तर २ अँपिअरची मर्यादा पावणेदोनच्या आसपास येते.

आता उष्णतेचा हिशेब मांडू. इनपुट २० व्होल्ट धरलं, तर पूर्ण लोडवर पास ट्रान्झिस्टरवर साधारण साडेसात व्होल्ट राहतात. २ अँपिअरला म्हणजे १५ वॅट. आउटपुट शॉर्ट झालं की करंट तोच २ अँपिअर, पण आता सगळे २० व्होल्ट त्याच्याच माथी येतात आणि वॅट होतात ३९. माझा हीटसिंक, अभ्रकाची चकती आणि ट्रान्झिस्टरचा आतला अडथळा मिळून दर वॅटला ५ अंश चढतात. डब्यातली हवा ४० अंश धरली, तर १५ वॅटला चिप ११५ अंशांवर राहते. ३९ वॅटला ती २३५ अंशांवर जाते, आणि २एन३०५५ची कमाल मर्यादा आहे २००. २ अँपिअरचा फ्यूजही इथे कामाचा नाही, कारण २ अँपिअर वाहून नेणं हेच त्याचं काम.

म्हणून आउटपुट कोसळलं की करंटची मर्यादाही सोबत खाली आणायची. हाच फोल्डबॅक. त्यासाठी फक्त दोन रेझिस्टर वाढतात. छोट्या ट्रान्झिस्टरचा बेस सेन्स रेझिस्टरच्या टोकाला थेट न जोडता, त्या टोकापासून ग्राउंडपर्यंत १ किलोओहम आणि ६.८ किलोओहम अशी विभागणी करून मधल्या बिंदूला जोडायचा. सेन्स रेझिस्टर आता १.२ ओहमचा घ्यायचा.

आउटपुट १२ व्होल्टवर असताना ही विभागणी बेसला खाली ओढून धरते. करंट २.१ अँपिअरला पोचला की सेन्स रेझिस्टरवर अडीच व्होल्ट पडतात आणि त्याचं अलीकडचं टोक साडेचौदा व्होल्टवर जातं. विभागणीतून बेसला त्यातले १२.६५ मिळतात. एमिटर १२ वर आहे, फरक ०.६५, आणि मर्यादा लागू होते. आता आउटपुट शॉर्ट करा. खाली ओढणारं व्होल्टेजच उरलं नाही, त्यामुळे सेन्स रेझिस्टरवर पाऊण व्होल्ट पडले तरी छोटा ट्रान्झिस्टर जागा होतो. पाऊण व्होल्ट म्हणजे १.२ ओहममध्ये ०.६२ अँपिअर. पास ट्रान्झिस्टरवर १२ वॅट पडतात, पूर्ण लोडवर पडतात जवळजवळ तितकेच.

मात्र सर्वांत वाईट क्षण शॉर्टचा नसतो. अर्धवट ओव्हरलोडमध्ये आउटपुट ६ व्होल्टच्या आसपास लोंबकळत असेल, तेव्हा करंट १.३६ अँपिअर असतो आणि वॅट भरतात १७. हीटसिंक याच आकड्यावर निवडावा. माझ्या जुन्या हीटसिंकवर तेव्हा चिप १२५ अंशांवर राहते.

या सोयीची किंमतही आहे. पूर्ण लोडवर सेन्स रेझिस्टरच अडीच व्होल्ट आणि ५ वॅट खातो, म्हणून तो १० वॅटचा लागतो. इनपुट १५ व्होल्टच असतं, तर पास ट्रान्झिस्टरला अर्धा व्होल्टच उरला असता आणि रेग्युलेशन तुटलं असतं.

याहून मोठी अडचण मला पीसीबीला भोकं पाडायच्या छोट्या ड्रिलने दाखवली. त्याच्या मोटरची वाइंडिंग २ ओहमची. थांबलेली मोटर म्हणजे निव्वळ २ ओहमचा रेझिस्टर. सप्लाय तिथे १.६ व्होल्ट आणि ०.८ अँपिअरवर अडकला. घर्षण मोडून फिरायला तिला १ अँपिअर हवा होता, तो मिळेना. आणि ती फिरेना म्हणून व्होल्टेज चढेना. चकला हाताने जरा गती दिली, की मोटरचं स्वतःचं उलट व्होल्टेज तयार झालं, आउटपुट वर सरकलं, मर्यादा वाढली आणि ड्रिल पूर्ण वेगाने फिरू लागला. साधा ६ ओहमचा रेझिस्टर लावला तर हा सप्लाय कधीच अडकत नाही. अडकवतात ते कमी व्होल्टेजलाही जास्त करंट मागणारे लोड.

आपल्या सप्लायमध्ये फोल्डबॅक आहे का, हे रिओस्टॅट, व्होल्टमीटर आणि अँमीटर लावून कळतं. रिओस्टॅटचा अडथळा हळूहळू कमी करत जा. साध्या मर्यादेत व्होल्टेज पडतं आणि अँमीटर जागच्या जागी थांबतो. फोल्डबॅकमध्ये व्होल्टेजबरोबर अँमीटरचा काटाही मागे फिरतो. ७२३ या जुन्या रेग्युलेटर आयसीत करंट लिमिट आणि करंट सेन्स अशा दोन पिना बाहेर दिलेल्या असतात. त्यांच्याभोवती हेच रेझिस्टर लावून दोन्ही प्रकार करून पाहता येतात.

आता माझ्याकडे दोन सप्लाय आहेत. ठरावीक सर्किटसाठी बसवून ठेवलेल्या सप्लायमध्ये फोल्डबॅक आहे. ज्यावर मोटरी चालवतो, त्यात साधी मर्यादाच ठेवली आहे. तिथे शॉर्टचे ३९ वॅट जिरवून चिप १५० अंशांच्या आत ठेवायची, तर एकट्या हीटसिंकवर दर वॅटला ३ ऐवजी ०.८ अंशच चढले पाहिजेत. म्हणून त्या डब्याच्या पाठीला पंखांचा भलामोठा अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक आहे.