झाड न मारता पार बांधायचा तर

झाडाभोवती पार बांधण्याची हल्लीची रीत साधारण अशी असते. आधी गोल भिंत उभी राहते. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मुरूम येतो आणि तो थेट बुंध्यापर्यंत भरला जातो. पाणी मारून त्यावर धुम्मस चालवतात, वर चार इंच काँक्रीट ओततात आणि ते खोडाला घासून गुळगुळीत करतात. भिंतीला बाहेरून काळ्या दगडाच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या की काम संपते. पहिली दोन वर्षे सगळे छान दिसते. तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात झाडाच्या शेंड्याकडच्या फांद्या वाळू लागतात, पाने लहान आणि विरळ येतात. लोक म्हणतात, झाड म्हातारे झाले. ते म्हातारे झालेले नसते, त्याचा गळा बुजवलेला असतो.

खोड जिथे जमिनीत शिरते तिथे ते पसरट होते आणि मुळ्यांचे फाटे बाहेर वळताना दिसतात. ही जागा उघडी राहायला हवी. त्याच्या वरची साल हवेत राहण्यासाठी बनलेली असते. ती कायम ओल्या भरावाखाली गेली की मऊ पडते, कुजते, तिच्यात बुरशी शिरते. पानांनी तयार केलेले अन्न याच सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते, म्हणून साल कुजली की मुळांची उपासमार सुरू होते. दुसरीकडे, पाणी शोषणाऱ्या बारीक मुळ्या बहुतांशी वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि त्यांना मातीच्या पोकळ्यांतून प्राणवायू लागतो. त्यांच्यावर दीड फूट ठोकलेला मुरूम आणि वर काँक्रीट आले की ती हवा बंद होते. झाड साठवलेल्या अन्नावर काही वर्षे तग धरते. या उशिरामुळेच पार आणि मरण यांचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

यावर कोणी विचारील, की मग जुने पार आणि त्यांतले वड-पिंपळ इतकी वर्षे कसे टिकले? त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी आधी पार बांधला आणि मग त्यात रोप लावले. म्हणजे झाडाचे मूळ पाराच्या वरच्या पातळीलाच रुजले, त्याच्यावर नंतर काही लोटले गेले नाही. शिवाय वड-पिंपळाच्या जातीला खोडाफांद्यांतून नवी मुळे फोडता येतात, त्यामुळे थोडा भराव ते सहन करतात. आंब्याला किंवा चिंचेला तशी सोय नाही. जुन्या पारात माती असे, दगडांच्या फटी असत, आणि काँक्रीटचे झाकण नसे. सपाट जमिनीवर वाढलेल्या पन्नास वर्षांच्या झाडाला आज नव्याने पार बांधणे हे त्यापेक्षा वेगळे काम आहे आणि त्याची रीतही वेगळीच हवी.

एक कडुनिंब घेऊ. खोड ३ फूट व्यासाचे, जमीन मुरमाड, आणि लोकांना बसायला दीड फूट उंचीचा, २० फूट व्यासाचा पार हवा आहे. नेहमीच्या रीतीने हा सगळा गोल भरायचा तर भिंतीसकट साधारण पावणेपाच ब्रास माल लागतो. (ब्रास म्हणजे १०० घनफूट.) त्याऐवजी आपण पाराचे कडे करू. झाडाच्या मध्यापासून ५ फुटांपर्यंतची जागा मोकळी ठेवायची, तिथली मूळची माती तशीच राहील. त्यापुढे १ फूट जाडीची आतली भिंत, १० फुटांवर बाहेरच्या भिंतीचा दर्शनी भाग, आणि दोन्ही भिंतींच्या मधल्या पट्ट्यात भराव. सालीपासून साडेतीन फूट मोकळे मिळतात. दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिला होता, त्यापेक्षा हे थोडे जास्तच आहे. आणि बसायला पाच फूट रुंदीचा गोल राहतो, तो बैठकीला भरपूर झाला.

गोल आखतानाच पहिली अडचण येते, कारण मध्यबिंदूवर झाड उभे आहे आणि तिथे खुंटी मारता येत नाही. खोडाला दोरी गुंडाळून गोल मारला तर तो वेडावाकडा येतो, कारण खोड कधी नेमके गोल नसते. आठ दिशांना सालीपासून साडेआठ फूट मोजून खुंट्या माराव्यात आणि मधला बाक लाकडी फर्म्याने जुळवावा. दहा फूट त्रिज्येसाठी चार फूट लांबीच्या फळीला मध्यभागी सुमारे अडीच इंचांचा बाक कापला की फर्मा तयार होतो. तोच पुढे गवंड्याला भिंत तपासायला उपयोगी पडतो.

पाया खोदायला जेसीबी अजिबात आणू नये. तो मुळ्या ओढून फाडतो आणि त्याच्या वजनाने माती दडपते. कुदळ-फावड्याने बाहेरच्या भिंतीखाली पावणेदोन फूट रुंद आणि सव्वा फुटाच्या आसपास खोल चर घ्यावा. दोन इंचांहून जाड मुळी आडवी आली तर ती तोडायची नाही. तिच्या दोन्ही बाजूंना पाया घ्यायचा, वरून लांब दगड आडवा टाकायचा, आणि मुळीभोवती दोन इंच जागा सोडून ती वाळूने भरायची. मुळी पुढे जाड होणार आहे, तिला ती जागा लागते. बारीक मुळ्या मध्ये आल्या तर त्या करवतीने सरळ कापाव्यात, पहारीने ठेचू नयेत. चराच्या तळाशी चार इंच काँक्रीट पुरे: एक भाग सिमेंट, चार भाग वाळू, आठ भाग खडी. या गोलाला ते साधारण एक घनमीटर भरते आणि सिमेंटच्या साडेतीन गोण्यांच्या आसपास लागतात. सगळ्या पारात काँक्रीटची गरज एवढीच आहे. माल कालवणे आणि घमेली धुणे झाडापासून लांब करावे, कारण सिमेंटचे पाणी तीव्र अल्कधर्मी असते आणि ते मातीत मुरले तर बारीक मुळ्यांना बाधते.

जमीन काळी असेल तर सव्वा फुटाचा पाया पुरत नाही, कारण ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पण पाया खोल नेला तर मुळ्या तुटतात. अशा जागी सिमेंटची एकसंध भिंत बांधूच नये. दगडांची कोरडी रचाई करावी. ती जमिनीबरोबर थोडी हलते आणि फाटत नाही.

आता भराव. माझ्या मते पार चांगला की वाईट हे इथेच ठरते. दोन भिंतींमधली जागा सुमारे १२७ चौरस फूट आहे. तळाला नऊ इंच डबर हाताने लावून घ्यायचे, ओतायचे नाही, म्हणजे दगडांमध्ये पोकळ्या राहतात. त्यावर पाच इंच चाळीस मिलिमीटरची खडी, त्यावर दोन इंच बारीक खडी, आणि सर्वांत वर शहाबादी फरशी. हिशेबाला डबर एक ब्रास आणि मोठी खडी अर्धा ब्रास होते. मुरूम नाही, माती नाही, धुम्मस नाही. मोठ्या दगडांची रचना मुळातच खचत नाही, म्हणून तिला ठोकावे लागत नाही. फरशीच्या सांध्यांत सिमेंट न भरता बारीक खडी भरली की पाणी आणि हवा खालच्या मुळ्यांपर्यंत पोचते. फरशीला झाडाकडे इंचभर उतार द्यावा. आत साचलेले जास्तीचे पाणी बाहेर जाण्यासाठी जमिनीच्या पातळीला तीन ठिकाणी तीन इंची पाइप दोन्ही भिंतींतून आरपार ठेवावेत. आतली भिंत कोरड्या रचाईचीच असावी, तिच्या फटीही हवेची वाट होतात. मधल्या मोकळ्या खड्ड्यात कचरा पडतो ही तक्रार खरी आहे, पण त्यावर उपाय झाडू हाच आहे, भराव हा नव्हे.

राहिला दर्शनी दगड. चिकटवलेल्या पातळ पट्ट्या पारावर टिकत नाहीत. मागच्या भरावातली ओल भिंतीतून बाहेर येते, क्षार घेऊन येते, पांढरा लोणा धरतो आणि पट्टी सुटते. काळा पाषाण पाणी फारसे शोषत नाही, त्यामुळे यंत्राने कापलेल्या गुळगुळीत पाठीला सिमेंटची पकड आधीच कमी असते. म्हणून दर्शनी दगड हाच भिंतीचा भाग असावा. तो आत नऊ इंच तरी जावा आणि दर पाच-सहा फुटांवर एक दगड सव्वा फूट जाडीच्या भिंतीत आरपार बसावा. लावण्याआधी दगडाची धूळ धुऊन घ्यावी. गोलाईसाठी दगडाची लांबी महत्त्वाची असते. एक फुटाचा सरळ दगड या गोलात जेमतेम एक-सप्तमांश इंच चुकतो, ते डोळ्याला दिसत नाही. दोन फुटांचा दगड अर्ध्या इंचाहून जास्त चुकतो आणि पार बहुकोनी दिसू लागतो. पाथरवटाने प्रत्येक दगड मागे जवळजवळ एक इंच निमुळता घडवला तर समोरचे सांधे एकसारखे बारीक येतात. नाहीतर पाठीमागे दगड एकमेकांना अडतात, समोर पाचर उघडते, आणि गवंडी ती सिमेंटने लिंपतो. दर्जा भरताना खालच्या थरात काही सांधे मुद्दाम उघडे सोडावेत.

कोकणात हेच काम जांभ्याच्या चिऱ्यात होते. चिरा घडवायला सोपा आणि पाणी झिरपू देणारा असतो, पण कड लवकर झिजते, म्हणून वरच्या काठाला कठीण दगड घालणे बरे.

तुमच्या गावचा पार आधीच भरलेला असेल तर खोडाच्या तळाशी पाहा. खोड खांबासारखे सरळ काँक्रीटमध्ये घुसलेले दिसले, मुळ्यांचे पसरट फाटे कुठेच दिसले नाहीत, तर ते गाडले गेलेले आहे. दगडी पट्ट्यांवर टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर त्या सुटत आल्या आहेत. पट्ट्यांचे नंतर बघता येईल, झाडाचे नाही. छिन्नी-हातोड्याने खोडाभोवतीचे तीन फूट काँक्रीट फोडावे, ब्रेकर लावू नये. खालचा भराव खुरप्याने आणि हाताने काढत मूळचे फाटे दिसेपर्यंत जावे. भरावात फुटलेल्या बारीक मुळ्या खोडाला वेढा घालत असतील तर त्या कापाव्यात. सालीचा मोठा भाग आधीच काळा पडून सुटला असेल तर झाड वाचेलच असे नाही, आणि अशा झाडाखाली लोकांना बसू देण्याआधी जाणकाराकडून ते तपासून घ्यायला हवे.

नवा पार मंजूर होताना मात्र सगळे हातात असते. ग्रामसभेत अंदाजपत्रक वाचून दाखवायला सांगा आणि ‘मुरूम भराव’ ही ओळ शोधा. तिथला आकडा पूर्ण गोलाचा असेल, तर सही होण्याआधीच ती ओळ खोडायला लावा.